मेतकुटातला गहू आणि नाचणीचं माल्ट

*ताई, मी नाशिकमध्ये एम.एस्सी. आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सराव चाचणीत हा प्रश्न होता: "३२ वर्षांच्या महिलेला ८ महिन्यांपूर्वी सीलिएक आजाराचं निदान झालं. गहू पूर्ण बंद केल्याचं ती सांगते. टीटीजी-आयजीए पहिल्या ३ महिन्यांत उतरलं, नंतर तिथेच अडकलं. हिमोग्लोबिन ९.४. दिवसाचा आहार: सकाळी दुधात नाचणी माल्ट, नाश्त्याला कांदेपोहे, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मऊ भात आणि मेतकूट, संध्याकाळी राजगिऱ्याची चिक्की, रात्री मुगाची खिचडी आणि कढी. ग्लुटेनचा सर्वांत संभाव्य स्रोत कोणता? अ) नाचणी माल्ट ब) पोहे क) मेतकूट ड) राजगिऱ्याची चिक्की." मी अ लिहिलं, कारण माल्ट म्हणजे बार्ली असं आम्हाला शिकवलंय. उत्तरसूचीत क आहे. मेतकूट तर डाळींचं असतं ना? मैत्रीण म्हणते खरं उत्तर हिंग, पण तो पर्यायातच नाही. ओट्सबद्दल तर प्रत्येक पुस्तक वेगळं सांगतं. नेमकी कुठली यादी पाठ करू?*
*— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड*

उत्तर क हेच बरोबर आहे. तू अ लिहिलंस ते अंदाजानं नाही, एका अर्धवट नियमावर विसंबून लिहिलंस. तेव्हा आधी तो नियमच बघू.

माल्ट हे धान्य नाही, ती धान्यावर केलेली क्रिया आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, हलकं भाजायचं आणि दळायचं. हे बार्लीवर केलं की बार्लीचं माल्ट होतं. त्यातलं हॉर्डीन हे ग्लुटेनच्याच कुळातलं प्रथिन मोड आल्यानं काही अंशी तुटतं, पण सीलिएकच्या रुग्णाला चालेल इतकं नक्कीच तुटत नाही. म्हणून माल्ट घातलेली दुधाची पावडर, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर आणि बीअर हे सगळं बाद. हीच क्रिया नाचणीवर केली की आपलं नाचणी सत्त्व किंवा नाचणी माल्ट तयार होतं. नाचणीत मुळात ग्लुटेन नाही, त्यामुळे मोड आणून ते येणारही नाही. तुमची पुस्तकं बहुतेक परदेशी, आणि तिकडे नुसतं माल्ट म्हटलं की बार्लीच समजायची, म्हणून तिकडे तो नियम चालून जातो. आपल्याकडे मात्र माल्टच्या आधी कुठल्या धान्याचं नाव आहे ते बघावंच लागतं. बाजारच्या तयार डब्यात नाचणीबरोबर गहू किंवा बार्ली मिसळलेली असू शकते, हा मुद्दा खरा आहे. पण प्रश्नात तसं काही म्हटलेलं नाही, आणि न दिलेली माहिती आपण पदरची घालायची नसते.

जाता जाता माल्टोडेक्स्ट्रिनचंही सांगते, कारण ते याच्या जोडीनं हमखास विचारतात. नावात माल्ट असलं तरी ते स्टार्च तोडून केलेलं असतं, बहुतेक वेळा मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या. त्यात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून ते चालतं. डिस्टिल्ड व्हिनेगर चालतं त्याचंही कारण हेच: ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर प्रथिन वर जात नाही. माल्ट व्हिनेगर नुसतं आंबवलेलं असतं, म्हणून ते नाही.

आता मेतकूट. डाळींचं असतं हे खरं, पण फक्त डाळींचं नसतं. घरी आई किंवा आजी करत असेल तर तिला एकदा प्रमाण विचार. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, आणि बहुतेक घरी मूठभर गहू; वर मोहरी, मेथी, सुंठ, हळद आणि हिंग. प्रत्येक घराचं माप निराळं. काही जणी गहू घालत नाहीत, पण घालणाऱ्याच जास्त. सगळं वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळतात, त्यामुळे पिवळसर पिठात गहू डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाला विचारलं "गहू खाता का?" तर ती "नाही" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी गहू म्हणजे पोळी. आणि भाजल्यामुळे काही फरक पडत नाही. उष्णतेनं ग्लुटेनचा आकार बदलतो, पण रुग्णाची प्रतिकारयंत्रणा ज्या तुकड्यांवर उठते ते तसेच राहतात. "चांगलं भाजलेलं किंवा तळलेलं असल्यामुळे सुरक्षित" असा पर्याय दिसला की तो सरळ खोडायचा.

हिशेब मांडला की हे जास्त पटेल. समज एका घरी १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ आणि पाव वाटी गहू असं माप आहे. म्हणजे आठवा भाग गहू. तिनं मऊ भातावर दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम मेतकूट घेतलं, तर तिच्या पोटात सव्वा ग्रॅमच्या आसपास गहू गेला. गव्हात ढोबळमानानं दहावा भाग ग्लुटेन धर. म्हणजे १०० मिलिग्रॅमहून थोडं जास्त, तेही रोज. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पथ्यावर असलेल्या सीलिएक रुग्णांना ९० दिवस मोजून ग्लुटेन दिलं होतं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्यातले रसांकुर, म्हणजे व्हिलाय, पुन्हा खराब व्हायला लागले. अशा अभ्यासांवरूनच दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं हा आकडा पुस्तकांत आला. २००७ च्या त्या अभ्यासात १० मिलिग्रॅम घेणाऱ्या एका रुग्णाचा त्रास उफाळला होता, तेव्हा तो आकडा म्हणजे मोकळीक नव्हे. पण तुझ्या प्रश्नातल्या बाईंच्या वाटीत त्याच्या दहापट जातंय, आणि पर्यायांत दुसरीकडे कुठेही गहू नाही. पोहे तांदळाचे असतात. राजगिरा हे गवतवर्गातलं धान्यच नाही, ते बी आहे, आणि चिक्कीत त्याच्या जोडीला गूळ.

तुझी मैत्रीण हिंग म्हणते तेही चुकीचं नाही. शुद्ध हिंग झाडाचा चीक असतो आणि तो इतका तिखट असतो की स्वयंपाकघरात कुणी तसाच वापरत नाही. आपण आणतो तो बांधानी हिंग. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. नियमानं धान्याचं पीठ किंवा खाण्याजोगा स्टार्च चालतो, म्हणून एका कंपनीच्या डबीवर मैदा किंवा गव्हाचं पीठ दिसेल, दुसऱ्या डबीवर तांदळाचं. आता याचाही हिशेब कर. फोडणीला चिमूटभर, म्हणजे दशांश ग्रॅम हिंग. त्यात निम्मा मैदा धरला तर ५० मिलिग्रॅम, त्यातलं ग्लुटेन ५ मिलिग्रॅम, आणि भांडं चौघांचं असेल तर एकीच्या वाट्याला सव्वा मिलिग्रॅम. पोहे, पालेभाजी, खिचडी, कढी अशा चार फोडण्या झाल्या तर ५ मिलिग्रॅम. चिमटीऐवजी पाव चमचा पडत असेल तर हाच आकडा सहज पाच-सहापट होतो. म्हणजे हिंग हा खरा स्रोत आहे आणि बदलायलाच हवा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळत असताना न बदलायला काही कारणही नाही. पण "सर्वांत संभाव्य" असं विचारलं असताना मेतकूट समोर असेल तर मेतकूट, आणि पर्यायांत मेतकूट नसून हिंग असेल तर हिंग. प्रश्न यादीबद्दल नाही, दिलेल्या चार पर्यायांमध्ये मोठा वाटा कुणाचा याबद्दल आहे.

या प्रश्नात मला स्वतःला खटकलं ते वेगळंच. ओपीडीत ही बाई समोर बसली असती तर मी मेतकुटाच्याही आधी तिला विचारलं असतं, "ज्वारी दळता कुठे?" प्रश्नकर्त्यानं भाकरी आहारात ठेवली आणि पर्यायांतून गाळली, ते बहुधा मुद्दाम, नाहीतर दोन उत्तरं बरोबर आली असती. नाशिकमध्ये अजूनही अनेक घरी दळण गल्लीतल्या गिरणीत जातं. गिरणीवाला एकाचा गव्हाचा डबा उतरवतो आणि त्याच जात्यात तुझी ज्वारी ओततो. आधीचं पीठ जात्याच्या पाळ्यांत, नळीत आणि खालच्या कापडी पिशवीत राहिलेलं असतं, ते तुझ्या डब्यात येतं. समज ५ किलो ज्वारीत फक्त ५० ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं. ते एक टक्का झालं, त्यात ५ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम. आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमानं ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. हे पीठ त्याच्या पन्नासपट झालं. त्यातली १०० ग्रॅम पिठाची भाकरी खाल्ली की पुन्हा १०० मिलिग्रॅम, मेतकुटाइतकंच. म्हणून अशा रुग्णांना घरघंटी घ्यायला आणि तिच्यात गहू कधीच न दळायला सांगतात. घरघंटी परवडत नसेल तर ज्वारी किंवा तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर थोडं थोडं दळायचं. गिरणीवाल्याला "आधी जातं साफ कर" म्हणून भागत नाही. तो आधी मूठभर ज्वारी फिरवून घेतो, तेवढ्यानं जातं निघत नाही.

घरातही हीच तपासणी करायची. चाळण एकच असेल तर गव्हाच्या पिठाचे कण जाळीत अडकलेले असतात. चाळण उलटी करून पांढऱ्या कागदावर ठोकून बघ, काय पडतं ते दिसेल. लाकडी पोळपाट, त्याच परातीत मळलेलं पीठ, पोळ्या झाल्यावर त्याच तव्यावर टाकलेली भाकरी, हे सगळं आहाराच्या नोंदीत कधीच लिहिलेलं नसतं. परीक्षेत मात्र ते एखाद्या निरुपद्रवी वाक्यात येतं: "पोळ्या झाल्यावर तिच्यासाठी त्याच परातीत भाकरी करतात." असं वाक्य दिसलं की पेन्सिलनं खूण कर. प्रश्नकर्ता कारणाशिवाय परातीचा उल्लेख करत नाही.

प्रश्नातली बाकीची माहिती नीट वाचणंही तितकंच महत्त्वाचं. टीटीजी, म्हणजे सीलिएकमध्ये रक्तात वाढणारं प्रतिपिंड, पहिल्या ३ महिन्यांत उतरलं आणि मग अडकलं, हा प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा आहे. ते सावकाश का होईना उतरतच असतं तर ८ महिन्यांना थोडं जास्त असण्यात काही विशेष नाही, कारण पूर्ण सामान्य व्हायला अनेकांना वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं. तेव्हा "आहार बरोबर आहे, पाठपुरावा चालू ठेवा" हे उत्तर योग्य ठरलं असतं. उतरून अडकणं म्हणजे बहुतेक वेळा मोठा स्रोत बंद झाला आणि छोटा रोज चालू राहिला. आधी पोळी थांबली, मेतकूट राहिलं. हिमोग्लोबिन ९.४ हा आधार तसा कच्चा आहे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सीलिएकमध्ये तोच भाग आधी बिघडतो, म्हणून रक्त कमी असणं जुळतं. पण ३२ वर्षांच्या बाईचं पाळीतून रक्त जात असेल किंवा ती लोहाच्या गोळ्या घेत नसेल तरी आकडा असाच येईल. त्यावरून स्रोत ठरवता येत नाही. आणि पर्यायांत "रिफ्रॅक्टरी सीलिएक" असेल तर लगेच तिकडे धावू नकोस. तो प्रकार दुर्मीळ आहे आणि आहारातलं ग्लुटेन नीट शोधल्याशिवाय त्याचा विचारही करत नाहीत.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की यादी पाठ करू नकोस. पर्याय वाचताना पदार्थाला तीन गोष्टी विचारायच्या. हा मुळात कुठल्या धान्याचा? त्यातलं प्रथिन टिकलं की निघून गेलं? आणि वाटेत तो गव्हाला लागला का? गहू, बार्ली आणि राय, आणि त्यांची भावंडं, हे पहिल्या प्रश्नात पकडले जातात. रवा, दलिया, शेवया, मैदा ही सगळी गव्हाचीच रूपं, त्यामुळे रवा इडली नाही, पण तांदूळ-उडदाची इडली चालेल. बकव्हीट म्हणजे कुट्टू, त्याच्या इंग्रजी नावात गहू आहे, धान्यात नाही. सातूचं पीठ मात्र जपून. उत्तरेकडचं सत्तू बहुतेक नुसत्या भाजक्या हरभऱ्याचं असतं, आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो, आणि जुन्या माणसांच्या तोंडी सातू म्हणजे बार्लीच. प्रश्न कुणी काढलाय आणि कुठल्या भागातला, तेही बघावं लागतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू बहुतेक असतोच, चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, उपासाच्या भाजणीत नसतो.

दुसऱ्या प्रश्नाला सोया सॉस अडकतो. आपल्या कॉलेज रोडवरच्या चायनीज गाडीवरचा राइस तांदळाचा आहे म्हणून मुलं निर्धास्त असतात, पण नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू आंबवलेला असतो, आणि आंबवणं म्हणजे ऊर्ध्वपातन नव्हे. आपल्याकडच्या वायनरीतली द्राक्षांची वाइन चालते, बीअर नाही, तेही याच रांगेतलं. तिसऱ्या प्रश्नाला आपली मिसळ येते. "पाव न घेता मिसळ घेईन" हे रुग्णाचं वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण वरच्या फरसाणात मैद्याचे तुकडे आहेत का, त्याच कढईत मैद्याच्या पुऱ्या तळल्यात का आणि रश्श्याला कुठला हिंग आहे, हे कळल्याशिवाय ते बरोबर म्हणता येत नाही. "कोणत्या विधानावरून पुढील समुपदेशनाची गरज दिसते?" असं विचारलं तर उत्तर हे.

ओट्सबद्दल पुस्तकं भांडतात कारण पुस्तकं वेगवेगळ्या काळातली आहेत. ओट्समधलं प्रथिन ॲव्हेनिन, आणि ते बहुतेक सीलिएक रुग्णांना सहन होतं, थोड्यांना होत नाही. पण ओट्स शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गव्हा-बार्लीबरोबर फिरतात, म्हणून दुकानातली साधी पिशवी विश्वासाची नाही. जुन्या पुस्तकांनी म्हणून ओट्सला सरसकट गव्हाच्या रांगेत बसवलं, आणि नर्सिंगच्या मुलींची बार्ली, राय, ओट्स, गहू ही पाठांतराची चौकडी तिथूनच आली. आपल्याकडे पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सूचनेतही ओट्स ग्लुटेनच्या धान्यांत मोडतात. तेव्हा पर्यायात नुसतं "ओट्स" लिहिलं असेल तर ते टाळायच्या बाजूला टाक. "ग्लुटेनमुक्त प्रमाणित ओट्स, आजार आटोक्यात आल्यावर, थोड्या प्रमाणात आणि देखरेखीखाली" असं लिहिलं असेल तर ते बरोबर धर. दोन्ही एकाच प्रश्नात आले तर प्रश्नकर्त्याला हाच फरक तपासायचाय.

मेतकुटाच्या प्रश्नाबद्दल शिक्षकांकडे हरकत घ्यायची असेल तर अवश्य घे, पण "माल्ट म्हणजे बार्ली" या मुद्द्यावर नको, तिथे तू हरशील. हरकत अशी लिही: मेतकुटाची कृती घरोघरी बदलते आणि गव्हाशिवायही मेतकूट होतं, म्हणून प्रश्नात "घरी भाजून दळलेलं, गहू घातलेलं मेतकूट" एवढं तरी हवं होतं. आणि ज्वारी कुठे दळली तेही.